आर्किटेक्टच्या बिलातला ‘प्रत्यक्ष खर्च’ खरंच प्रत्यक्ष आहे का ते तपासा, आमची फसवणूक कशी झाली ते सांगते

ज्यांचं बांधकाम सुरू आहे किंवा कोर्टात काही काम चालू आहे त्यांनी हे जरूर वाचा. लांब झालंय पण पैसे नेमके कुठून गेले हे कळायला तपशील लागतोच.

आमच्या आर्किटेक्टच्या करारात पैशाची दोन कलमं होती. एक त्यांची फी, टप्प्याटप्प्याने द्यायची, तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, डिझाइन त्यांनी मन लावून केलं. दुसरं कलम होतं बाकीच्या खर्चाचं, म्हणजे ड्रॉइंगच्या प्रिंट, मंजुरीची फी, साइटवर येण्याजाण्याचा प्रवास, सर्व्हे, माती परीक्षण वगैरे. त्यापुढे स्वच्छ लिहिलं होतं की हा खर्च प्रत्यक्ष झालेल्या रकमेनुसार पावतीसह आकारला जाईल. म्हणजे त्यांच्या खिशातून आमच्या कामासाठी जेवढे गेले तेवढेच आम्ही परत द्यायचे, त्यावर नफा नाही, कारण नफा फीमध्ये धरलेला असतो. काही आर्किटेक्ट करारातच लिहितात की खर्चावर दहा टक्के वरती घेऊ, आमच्यासाठी धावपळ करतात म्हणून, आणि ते आधी सांगून घेतलं तर माझ्या मते ठीकच आहे. आमच्याकडे तसं काही लिहिलेलं नव्हतं.

आता खरा प्रकार. पाया कसा करायचा हे ठरवायला माती परीक्षण लागतं, ते आर्किटेक्टनेच एका लॅबकडून करून घेतलं आणि आमच्या बिलात लावलं. बिलाला कागद जोडलेला होता, शिक्का सही सगळं होतं. बिलातली रक्कम आणि जोडलेल्या कागदावरची रक्कम अगदी तंतोतंत जुळत होती. बहुतेक लोक इथपर्यंतच बघतात आणि पैसे देतात, आणि हे लोक नेमके त्यावरच चालतात.

मला खटकलं ते वेगळ्याच कारणाने. परीक्षणाचा रिपोर्ट आमच्याकडे आला होता आणि घरातल्यांना पाया किती खोल जाणार ते समजावून सांगायचं म्हणून मी तो वाचत होते. त्यात प्रत्येक बोअरचा एक तक्ता असतो, त्याला बोअर लॉग म्हणतात. किती खोलीवर कसली माती लागली, माती किती घट्ट आहे ते दाखवणारी एन व्हॅल्यू किती आली, खडक कुठे सुरू झाला आणि बोअर किती मीटरवर थांबवला हे सगळं त्यात असतं. आमचे चार बोअर होते आणि ते थांबले होते ६, ६.५, ७ आणि ६.५ मीटरवर. बेरीज २६ मीटर. आणि बिलाला जोडलेल्या कागदावर लिहिलेलं होतं ४ बोअर, प्रत्येकी १० मीटर, एकूण ४० मीटर.

म्हणजे न केलेल्या १४ मीटर ड्रिलिंगचे पैसे आमच्याकडून मागितलेले होते.

हे असं का होतं ते समजून घ्या, कारण याच्यात लॅबची काहीच चूक नाही. काम सुरू होण्याआधी जमिनीखाली काय आहे ते कोणालाच माहीत नसतं, म्हणून लॅब अंदाजाने कोटेशन देते की दहा मीटरपर्यंत जाऊ, किंवा कठीण खडक लागला तर त्यात दोन मीटर जाऊन थांबू, जे आधी होईल ते. शेवटचं बिल मात्र जेवढं खणलं तेवढ्या मीटरचंच निघतं. आमच्याकडे खडक लवकर लागला त्यामुळे काम कमी झालं आणि लॅबचं बिलही कमी झालं. आर्किटेक्टने लॅबला दिलं ते कमी झालेलं बिल आणि आमच्या बिलाला जोडलं ते सुरुवातीचं कोटेशन.

मी लॅबला फोन केला, रिपोर्टवर त्यांचा नंबर असतोच, आणि फक्त एवढंच म्हणाले की आमच्या साइटच्या अंतिम बिलाची कॉपी मिळेल का हिशोबाला लावायची आहे. त्यांनी लगेच पाठवली, त्यांच्या दृष्टीने त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. नेमकी रक्कम इथे लिहीत नाही, समजायला सोपं म्हणून कोटेशनची एकूण रक्कम १०० धरा. त्यात मशीन आणण्या-नेण्याचे १५, ड्रिलिंगचे ६०, लॅब टेस्टचे १५ आणि रिपोर्टचे १०. अंतिम बिलात मशीनचे १५ तसेच राहिले, रिपोर्टचे १० तसेच, ड्रिलिंग ६० वरून ४२.५ वर आलं आणि नमुने कमी निघाले म्हणून टेस्ट १५ वरून १२.५ वर. एकूण झाले ८०. खर्च ८०, आमच्याकडून मागितले १००. म्हणजे प्रत्यक्ष खर्चावर सरळ २५ टक्के वरती, तेही ‘प्रत्यक्ष खर्च’ या नावाखाली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, ४० चे २६ मीटर झाले म्हणून ड्रिलिंगचा खर्चही त्याच प्रमाणात कमी होत नाही. खडकातल्या ड्रिलिंगचा मीटरचा दर मातीपेक्षा बराच जास्त असतो आणि आमच्याकडे कमी झालं ते मातीतलं ड्रिलिंग, खडकातलं तेवढंच राहिलं. त्यामुळे नुसत्या मीटरवरून त्रैराशिक मांडून भांडायला जाऊ नका, समोरचा तिथेच तुम्हाला गप्प करेल. अंतिम बिलच हातात घ्या.

मग मी तो जोडलेला कागद परत नीट बघितला. वरती बारीक अक्षरात ‘प्रोफॉर्मा’ लिहिलेलं, बिल नंबरची जागा रिकामी, आणि तारीख पहिला बोअर सुरू झाला त्याच्या आधीची. मोजून घ्यायच्या कामाचं अंतिम बिल काम सुरू व्हायच्या आधी निघूच शकत नाही. प्रोफॉर्मा किंवा कोटेशन ही पावती नाही, ते फक्त एवढंच सांगतं की किती खर्च येऊ शकतो. खरोखर किती झाला ते कळायला तीन गोष्टी लागतात, नंबर असलेलं अंतिम बिल, ते चुकतं केल्याचा पुरावा, आणि नंतर काही सूट मिळाली असेल तर तिची क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद. ही शेवटची गोष्ट कोणी मागतच नाही. नेहमीच्या आर्किटेक्टला प्रिंटवाला किंवा मॉडेलवाला महिनाअखेरीला सूट देतो, बिल पूर्ण रकमेचं असतं आणि सूट वेगळ्या कागदावर, मग क्लायंटला पूर्ण रकमेचं बिल दाखवलं जातं.

मी त्यांना फोन केला तर म्हणाले, "मॅडम, ते ऑफिसचं हँडलिंग धरून आहे, सगळेच असं करतात." मी म्हटलं, "सर, हँडलिंग घ्यायचं तर करारात लिहायचं होतं, करारात प्रत्यक्ष खर्च लिहिलंय आणि लॅबचं अंतिम बिल माझ्यासमोर आहे." त्यावर बराच वेळ गप्प, मग म्हणाले की पुढच्या बिलात बघू.

पुढच्या बिलात बघू हे मी मान्य केलं नाही. तुमच्या बाबतीत असं झालं तर तुम्हीही करू नका, कारण त्या बिलावर टॅक्सही लावलेला असतो आणि तोंडी ॲडजस्टमेंटमध्ये त्या टॅक्सचं काय झालं ते कधीच कळत नाही. मूळ बिलाचा नंबर टाकून क्रेडिट नोट मागा. टॅक्सचा अजून एक घोळ असतो, लॅबचं बिल आर्किटेक्टच्या फर्मच्या नावावर असेल आणि त्यांना त्यातल्या टॅक्सचं क्रेडिट मिळत असेल तर त्यांचा खरा खर्च म्हणजे टॅक्स सोडून उरलेली रक्कम, पण क्लायंटला टॅक्ससकट रक्कम लावून वरती परत टॅक्स लावला जातो, म्हणजे टॅक्सवर टॅक्स. शक्य असेल तिथे मोठ्या खर्चाची बिलं थेट स्वतःच्या नावावर घ्या आणि पैसेही स्वतःच भरा, मंजुरीच्या फीला तर हेच बरं, पावती आपल्याच नावाची येते.

माती परीक्षणाचं प्रकरण उघडं पडल्यावर मी प्रवासाच्या ओळी बघायला घेतल्या. त्याच भागात त्यांचं दुसरं एक काम चालू होतं, त्या घरमालकांशी आमची ओळख होती. त्यांची आणि आमची बिलं शेजारी ठेवली तर बऱ्याच तारखा सारख्या, गाडी एकच, आणि ऑफिसपासून येण्याजाण्याचा पूर्ण खर्च दोघांकडूनही घेतलेला. एका फेरीत दोन साइट केल्या तर तो खर्च दोघांत वाटला गेला पाहिजे, प्रत्यक्ष खर्च एकदाच झालाय ना.

वकिलांच्या बिलातही हेच चालतं, झेरॉक्स, कुरियर, प्रवास, कोर्ट फी, तज्ज्ञांची फी. यावर अमेरिकन बार असोसिएशनने १९९३ साली एक औपचारिक मत दिलेलं आहे, क्रमांक ९३-३७९, ते अमेरिकेतल्या वकिलांसाठी आहे पण त्यातला विचार मला कुठेही लागू व्हावा असा वाटतो. वेगळं काही ठरलेलं नसेल तर बाहेरून घेतलेल्या सेवेसाठी वकिलाने प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त घेऊ नये, मिळालेली सूट क्लायंटला द्यावी, आणि ऑफिसचं भाडं लाइटबिल असे चालू खर्च वेगळे लावू नयेत. एकाच वेळेचे पैसे दोन क्लायंटकडून घेणंही त्यात चुकीचं ठरवलंय. वकिलाने खर्चासाठी आधी रक्कम उचलली असेल तर काम संपल्यावर तिचा हिशोब आणि उरलेले पैसे मागून घ्या, न मागता परत आले असं मी फार कमी ऐकलंय.

आम्ही पुढे काय केलं, तर फीचा भाग वेळेवर पूर्ण भरला. हे महत्त्वाचं आहे, कारण सगळंच बिल अडवलं तर पैसे थकवल्याचं कारण देऊन ते काम थांबवू शकतात. वादातल्या ओळी मात्र ईमेलवर एकेक करून लिहिल्या, बिल नंबर, ओळ, त्यांनी लावलेली रक्कम, पुराव्यातली रक्कम आणि फरक, सोबत बोअर लॉगचं पान आणि लॅबचं अंतिम बिल. आवाज न चढवता, चोर वगैरे शब्द न वापरता. माती परीक्षणाच्या फरकाची टॅक्ससकट क्रेडिट नोट काही दिवसांत आली. प्रवासाचा हिशोब अजून भांडणात आहे, त्या दुसऱ्या घरमालकांनीही आता लेखी मागितलाय, आणि प्रिंटवर मिळालेल्या सवलतीबद्दल विचारलं तर उत्तरच येत नाही. तोवर त्या दोन ओळींचे पैसे आम्ही दिलेले नाहीत आणि तसं ईमेलमध्ये लिहून ठेवलंय.