लांब पडद्याचा रॉड: ब्लॉकमध्ये गिट्टी की वर बीममध्ये?

बाल्कनीच्या स्लायडिंग दरवाजावर दहा फुटी रॉड लावायचा असेल तर नवीन फ्लॅटमध्ये प्रश्न हमखास येतोच, की ब्रॅकेट दरवाजाच्या दोन्ही बाजूंना ब्लॉकच्या भिंतीत लावायचे की थोडे वर नेऊन बीममध्ये. मी दोन्ही करून पाहिलंय, त्यामुळे जे जाणवलं ते लिहितो, तुमची भिंत वेगळी असू शकते.

आधी आत काय आहे ते बघा. टकटक करून कळत नाही, कारण पोकळ आवाज बऱ्याचदा प्लास्टर सुटल्याचा असतो. जिथे ब्रॅकेटची पट्टी झाकणार आहे तिथेच ४ मिमीच्या बिटने भोक पाडा आणि भुकटी बघा. पहिले १२-१५ मिमी प्लास्टर, ते सोडून द्या. मग लाल आली तर वीट, करडी आली आणि ड्रिल अडायला लागलं तर काँक्रीट, आणि बिट लोण्यात गेल्यासारखं सर्रकन आत जाऊन पांढरट हलकी पूड आली तर हलका, सच्छिद्र एएसी ब्लॉक. दरवाजाच्या वर काँक्रीटची आडवी पट्टी, म्हणजे लिंटेल असतं खरं, पण ते दरवाजाच्या बाजूला साधारण सहा इंचच पुढे जातं आणि आपल्याला तर पडदा काचेवरून पूर्ण बाजूला जावा म्हणून ब्रॅकेट फूटभर बाहेर हवा असतो, म्हणजे बरोबर ब्लॉकमध्येच येतो.

ब्लॉकचा फायदा उघड आहे. रॉड नेहमीच्या उंचीला बसतो, सात फुटी रेडीमेड पडदे चालतात, साधं ड्रिल पुरतं. पण हॅमर मोड बंद ठेवायचा, नाहीतर भोक आतून फाकतं. भोकात स्क्रू धरून ठेवणारी, एएसीसाठीची लांब नायलॉन गिट्टी घ्यायची, ८० मिमी तरी, आणि बिट गिट्टीपेक्षा जरा बारीक. पडद्यासोबत मिळणारी छोटी गिट्टी अर्धी प्लास्टरमध्येच राहते, ती विसरा.

आता माझा निर्णय ज्याने झाला ती गोष्ट. वजन हा मुद्दाच नाही, अस्तराचे पडदे आणि स्टीलचा रॉड मिळून आठ-दहा किलो होतील, तेवढं ब्लॉक सहज घेतो. त्रास होतो तो रोजच्या ओढण्याचा. ब्रॅकेट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे आलेला, घरातलं कोणीही पडदा सरकवताना खाली आणि बाजूला ओढतं, आणि प्रत्येक वेळी वरचा स्क्रू थोडासा बाहेर खेचला जातो. आमच्या बेडरूममध्ये पडदे लावायला आलेल्या कारागिराने गिट्ट्या नीट बसवल्या होत्या, तरी काही महिन्यांनी ब्रॅकेटखाली फरशीवर चिमूटभर पांढरी पूड दिसायला लागली, पुसली की परत. मग ब्रॅकेटच्या वरच्या कडेला नखभर फट. स्क्रू आवळायला गेलं तर गिट्टीच आत गोल फिरते, आणि त्याच भोकात जाडी गिट्टी घातली तरी कड भुसभुशीत झालेली असते, म्हणजे दोन-तीन इंच सरकून नवीन भोक आणि जुन्याला पुट्टी. हे मला फार खटकलं.

म्हणून हॉलमध्ये बीमवर गेलो. बीमचा तळ आमच्याकडे आठ फुटांवर आहे, ब्रॅकेट त्याच्या चार इंच वर. साध्या ड्रिलने वेळ घालवू नका, रोटरी हॅमर भाड्याने आणा, ८ मिमी भोक अर्ध्या मिनिटात होतं, आणि ५० मिमीची साधी गिट्टी तिथे घट्ट बसते. साधारण इंचभर आत गेल्यावर बिट एकदम थांबलं आणि चकचकीत कीस आला तर ती सळई आहे, ती कापायची नाही, भोक इंचभर बाजूला घ्यायचं. एसीची किंवा बोर्डाची वायर तिथून वर गेलीय का तेही आधी बघून घ्या. तोटा एकच, सात फुटी पडदा पुरत नाही, नऊ फुटी घेऊन खाली दुमडून शिवावा लागतो, थोडा खर्च वाढतो. पण लावल्यापासून स्क्रूला हात लावलेला नाही.

बीम फारच वर असेल किंवा भाड्याचं घर असेल तर ब्लॉकच बरा, फक्त तिथे हलके पडदे ठेवा आणि शक्यतो चार स्क्रूचा ब्रॅकेट घ्या.

मधला ब्रॅकेट मात्र दोन्हीकडे लागतोच. पडदे बंद असताना अर्ध्याहून जास्त भार त्याच्यावरच येतो, त्यामुळे तो कुठल्याही परिस्थितीत काँक्रीटमध्ये हवा. टोकाचे दोन ब्लॉकमध्ये घेतले तरी मध्यावर लिंटेल मिळतं, मग तिन्ही एका रेषेत येतील अशी उंची लिंटेल बघूनच ठरवायची. आधी टोकाचे दोन लावा, त्यांच्यात दोरा ताणा आणि मग मधल्याची खूण करा, फ्लोअरवरून मोजू नका, कारण फरशी क्वचितच सरळ असते.