बाजार थांबवावा की भाव अडवावा?

घसरणीत सगळा बाजार थोडा वेळ बंद ठेवणं बरं, की एकेका शेअरला किंमतपट्टा बांधणं, म्हणजे दिवसभरात त्याचा भाव ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणं? अभ्यासमंडळात एकाने विचारलं आणि निम्मे इकडे, निम्मे तिकडे झाले.

विचार करायला वेळ कशात मिळतो? बाजार थांबवला की सगळ्यांनाच मिळतो. 9 मार्च 2020 ला अमेरिकेत एस अँड पी 500 हा मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक उघडताच 7 टक्के पडला, 15 मिनिटं व्यवहार थांबले. दिवसअखेर घसरण 7.6 टक्के होती. पुन्हा थांबावं लागलं असतं तो 13 टक्के घसरणीचा पुढचा टप्पा आलाच नाही.

बाहेर पडता येतं का? इथे पट्टा फसवा. 100 च्या शेअरला 10 टक्क्यांचा पट्टा असेल, तर 90 ला बाजार कागदोपत्री चालूच असतो, पण स्क्रीनवर खरेदीची बाजू रिकामी आणि विक्रीची रांग लांबलचक. खरा भाव 80 असेल तर तो उद्यावर ढकलला, एवढंच.

घबराट मात्र दोन्हींत वाढू शकते. दार बंद होणार म्हटल्यावर लोक आधीच धावतात. चीनमध्ये जानेवारी 2016 ला 5 आणि 7 टक्के असे टप्पे होते, फारच जवळजवळ. 7 तारखेला पहिल्या थांब्यानंतर बाजार उघडला आणि काही मिनिटांतच दिवसभरासाठी बंद झाला. दुसऱ्या दिवसापासून ती यंत्रणाच स्थगित केली.

त्यामुळे सगळ्या बाजारावर आलेल्या धक्क्याला थांबा, तोही टप्प्यांमध्ये अंतर राखून. एखाद्या शेअरमधल्या अफवेला किंवा चुकीच्या ऑर्डरला पट्टा पुरतो.