हलक्या वावरात गाळ टाकावा की शेणखत? सीईसीच्या हिशोबाने

मे महिना लागला की गंगापूर धरणाच्या कडेला जेसीबी उतरतात आणि मुरमाड वावर असलेल्या घराघरात एकच विषय सुरू होतो, यंदा गाळ ओढायचा का तेवढ्याच पैशात शेणखत घ्यायचं. मी गिरणाऱ्याकडच्या उताराच्या वावरात दोन्ही केलंय, अर्ध्यात गाळ आणि अर्ध्यात शेणखत, आणि पावसाळी टोमॅटो दोन्हीकडे घेतलेत. भारी काळ्या जमिनीवाल्यांचा प्रश्न निचऱ्याचा असतो, हे त्यांच्यासाठी नाही.

आपल्या हलक्या वावरात खत टिकत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण का टिकत नाही ते नीट कळलं की निवड सोपी जाते. पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अमोनियम हे पाण्यात विरघळले की त्यांच्यावर पॉझिटिव्ह चार्ज असतो. त्यांना धरायला मातीत निगेटिव्ह जागा लागते, आणि अशा जागा किती आहेत त्याचा आकडा म्हणजे सीईसी. मुरमाच्या खड्यावर किंवा वाळूच्या कणावर अशी जागा जवळपास नसतेच, पृष्ठभागही कमी. आपल्या बेसाल्ट खडकापासून झालेल्या काळ्या मातीत मात्र मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते, तिच्या पातळ थरांमध्ये तयार होतानाच काही ठिकाणी सिलिकॉनच्या जागी अॅल्युमिनियम आणि अॅल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक वेळी एक पॉझिटिव्ह चार्ज कमी पडतो आणि थर कायमचा निगेटिव्ह राहतो. वर हे थर ओले झाले की फुगून एकमेकांपासून सुटतात, म्हणजे आतल्या बाजूही पोटॅश धरायला मोकळ्या होतात. मुळी स्वतःचा हायड्रोजन देते आणि बदल्यात तिथला पोटॅश उचलते, म्हणून धरून ठेवलेलं असूनही ते पिकाला मिळतं.

ह्युमसचा चार्ज वेगळ्या कारणाने येतो, कुजलेल्या पदार्थातले आम्ल गट हायड्रोजन सोडतात आणि निगेटिव्ह होतात. पीएच वाढला की हा चार्ज वाढतो, आपल्याकडे पीएच बहुतेक ठिकाणी सातच्या पुढे असतो ते इथे कामी येतं.

आता आकडे बघा. वाळूची सीईसी दोन ते पाच, थोडी माती असलेल्या मुरमाड वावराची आठ-दहा, चांगल्या काळ्या मातीची चाळीस-पन्नास, आणि शुद्ध ह्युमसची दोनशेच्या आसपास. हे वाचून कोणीही म्हणेल शेणखतच टाका. मलाही ते पटण्यासारखं वाटतं, पण वावरात जाऊन हिशोब लावला की चित्र उलटं होतं.

एक एकर, सहा इंच खोलीची माती म्हणजे साधारण नऊ लाख किलो. तिच्यात वीस टन शेणखत टाकलं, जे चांगल्यापैकी जास्त आहे, तर त्यातलं निम्मं पाणी. उरलेल्या दहा टनातलं बरंचसं जिवाणू वर्षभरात खाऊन टाकतात, आपल्या उन्हात तर लवकरच, आणि टिकाऊ ह्युमस म्हणून दीड-दोन टन उरलं तर नशीब. नऊ लाख किलोत दोन टन म्हणजे पाव टक्क्याच्याही आत. त्याने सीईसी वाढते अर्ध्या अंकाच्या आतबाहेर. आठची साडेआठ झाली म्हणा.

गाळाचं असं की एक इंच थर पसरायला एकरी साधारण ३६ ब्रास लागतो. आठ सीईसीच्या पाच इंच मातीत पंचेचाळीसचा एक इंच गाळ नीट मिसळला तर सहा इंचाची सरासरी चौदाच्या जवळ येते. पोटॅश त्या जागांपैकी तीन-चार टक्केच व्यापतो, बाकी कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, तरीही चार टक्क्यांनी धरलं तर एकरी ऐंशी-पंच्याऐंशी किलो पोटॅशियम जास्त धरून राहू शकतं. पोटॅशच्या पन्नास किलोच्या गोणीत पंचवीस किलो पोटॅशियम असतं, म्हणजे तीन गोण्यांहून जास्तीचा साठा. आणि हा फायदा दरवर्षी विकत घ्यावा लागत नाही, चिकणमाती कुजत नाही.

माझा निर्णय मात्र या हिशोबाने झाला नाही, तो ऑगस्टमधल्या पावसाने झाला. शेणखताच्या बाजूला झाडं सुरुवातीला जास्त उठावदार होती हे मान्य केलं पाहिजे, फुटवा चांगला, मुळी पांढरी. पण फळ फुगायच्या वेळेला सलग चार-पाच दिवस झड लागली की त्याच बाजूची खालची पानं कडेने पिवळी पडून करपायला लागायची, आणि पंधरा दिवसांनी फळ पिकताना देठाजवळ हिरवट-पिवळे चट्टे राहायचे, आत कापलं तर गर कडक. ही पोटॅशची कमतरता. मार्केटला क्रेट उलटा केला की व्यापाऱ्याची नजर आधी त्या चट्ट्यांवर. मग पाऊस उघडला की परत पोटॅश सोडा, परत झड, परत सोडा, खताच्या हप्त्याची चिंता डोक्यातून जातच नव्हती आणि मला खरं सांगायचं तर याच गोष्टीचा कंटाळा आला. गाळाच्या बाजूला तोच पाऊस, तेच रोप, पण पानांच्या कडा हिरव्या राहिल्या. मोजमाप केलं नाही, डोळ्यांनी बघितलेलं सांगतोय.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच जाते, ती म्हणजे नायट्रेट. युरियावर चार्ज नसतो, त्याचं अमोनियम व्हायला दोन-चार दिवस लागतात आणि अमोनियमचं पुढे नायट्रेट होतं, ते निगेटिव्ह असल्याने माती धरतच नाही. त्यामुळे गाळ टाकला म्हणून युरिया एकदम टाकायची सवय लावू नका, नत्र हप्त्यानेच द्या.

गाळाला अडचणी आहेत. धरणात नदी शिरते त्या तोंडाशी जाडी रेती बसते, बारीक चिकण गाळ भिंतीकडच्या शांत पाण्यात. ट्रॉली भरायच्या आधी पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश गाळ, बाकी पाणी घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात खाली बसते ती रेती, दोन-तीन तासांत बसते ती पोयटा, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ दिसतं ते चिकणमातीमुळे. खालीच अर्धी रेती दिसली तर तो गाळ मुरमावर टाकून काही उपयोग नाही. क्षार आणि सोडियम लॅबमधून बघून घ्या, सोडियम जास्त असेल तर तोच त्या जागा पकडतो आणि जमीन घट्ट होते. सॉइल हेल्थ कार्डवर सीईसी येत नाही, वेगळी सांगावी लागते. आणि गाळ मिसळायचा कोरडा असतानाच, ओल्या ढेकळांवर रोटाव्हेटर फिरवला तर विटा होतात आणि हंगामभर तशाच राहतात.

इंच-दीड इंचाच्या वर जाऊ नये असं माझं मत, पाणी साचून मुळ्या कुजायची भीती असते. आणि द्राक्षबाग आधीच उभी असेल तर गाळ खोल मिसळताच येत नाही, तिथे बोदात शेणखतच घाला, दरवर्षी. मोकळं वावर असेल तर मी आधी गाळ ओढेन, आणि शेणखत त्याच्यावर थोडं, पाच-सहा टन, जिवाणूंसाठी आणि माती भुसभुशीत राहायला.