किराणा घरपोच देणारं आपल्या सांगलीतलं ॲप : पाडव्याची जाहिरात आणि सात महिन्यांचा अनुभव

गुढीपाडव्याला आमच्या विश्रामबागेतल्या गृहसंकुलाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात आली. चित्राखाली चारच ओळी होत्या : ‘आपल्या सांगलीचं ॲप सुरू! पहिल्या ऑर्डरवर १०० रुपये सूट. संपूर्ण सांगली शहरात सेवा. आजच डाउनलोड करा.’ सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि मी नोकरीवरून घरी येईपर्यंत सात वाजतात, म्हणून त्याच संध्याकाळी ॲप घेतलं. दिवाळीचं सामानही त्यावरूनच मागवलं. ॲप स्थानिक आहे, लहान आहे आणि ते टिकावं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच त्या चार ओळींत काय राहून गेलं होतं ते सविस्तर लिहिते. ॲपचं नाव लिहीत नाही. अशी ॲप आता गावोगावी निघत आहेत आणि त्यांच्या जाहिरातीही बहुतेक अशाच असतात.

आधी सूट. पहिल्या दिवशी मी एक किलो तूरडाळ १६५, अर्धा किलो शेंगदाणे ७५, पाच किलो साखर २२५ आणि लिटरभर तेलाची पिशवी १५० असं ६१५ रुपयांचं सामान निवडलं. PAHILI100 हा कोड टाकला, तर लागू होईना. कोडाखालच्या बारीक अक्षरांतल्या अटी उघडल्या तेव्हा कळलं, की किमान खरेदी ४९९ ची हवी आणि त्यात साखर-तेल धरत नाहीत. म्हणजे माझी मोजली जाणारी खरेदी फक्त २४० रुपयांची. घरात चहाचा अर्धा पुडा शिल्लक असताना मी २६० रुपयांचा आणखी एक घेतला, तेव्हा ती ५०० झाली. एकूण बिल ८७५, सूट वजा जाऊन ७७५.

दुसऱ्या दिवशी हीच यादी कोपऱ्यावरच्या दुकानात विचारली. तिथे डाळ १५०, शेंगदाणे ६५, साखर २२०, तेल आणि चहा तेवढ्यालाच, एकूण ८४५. म्हणजे शंभराच्या सुटीत माझे खरे वाचले ७० रुपये. दुसऱ्या ऑर्डरपासून सूट नाही, त्यामुळे तीच यादी दुकानापेक्षा ३० रुपयांनी महाग. घरपोच येतं म्हणून हे ३० रुपये मी आनंदाने देते, पण ते आधी माहीत हवेत. फरक कुठे पडतो तेही लक्षात आलं. छापील किमतीच्या पुड्यांत फारसा पडत नाही. डाळ, शेंगदाणे, रवा असा दुकानात सुटा मिळणारा माल ॲपवाले आपल्या पिशवीत भरून देतात, तिथे पडतो. त्यामुळे आता चहा, साबण, तेल ॲपवरून आणि डाळी दुकानातून अशी विभागणी केली आहे.

आणखी एक गोष्ट म्हणजे ‘पहिली ऑर्डर’ माणसाची नसते, मोबाइल नंबरची असते. माझ्या नंबरवरून सासूबाईंसाठी कोड पुन्हा चालला नाही. तेव्हा पहिली ऑर्डर दोनशेची करून कोड वाया घालवू नका. महिन्याच्या यादीसाठी तो राखून ठेवा आणि पैसे भरायच्या आधी बिलात सूट वजा झालेली दिसते ना, ते पाहा.

आता ‘संपूर्ण सांगली शहर’. सेवा कुठे आहे हे ॲप गावाच्या नावावरून ठरवत नाही, नकाशावरच्या तुमच्या खुणेवरून ठरवतं. पहिल्याच दिवशी मला ‘तुमच्या भागात सेवा नाही’ असं दिसलं आणि माझं घर तर त्यांच्या गोदामापासून चालत जाण्यासारखं. आमच्या संकुलात दुसऱ्या कुणाची ऑर्डर घेऊन आलेल्या मुलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “काकू, फोनमधलं अचूक ठिकाण बंद असणार. लय जणांचं असंच होतंय.” खरंच तसं होतं. अँड्रॉइडवर ठिकाणाची परवानगी देताना Precise आणि Approximate असे दोन पर्याय येतात. दुसरा निवडला तर फोन फक्त साधारण परिसर सांगतो आणि खूण भलत्याच ठिकाणी पडू शकते. सेटिंग्जमध्ये जाऊन त्या ॲपच्या ठिकाणाच्या परवानगीत Use precise location चालू केलं आणि खूण बोटाने सरकवून आमच्या फाटकावर ठेवली. त्यानंतर सात महिन्यांत एकदाही पत्ता चुकला नाही.

सांगलीवाडीच्या मावशीचा अनुभव उलटा होता. तिची ऑर्डर ॲपने लगेच घेतली, पण चाळीस मिनिटांचं सामान दोन तासांनी आलं. चौकशी केली तर अंतर सरळ रेषेत मोजलेलं निघालं. मध्ये कृष्णा आहे आणि मुलाला पुलावरून वळसा घालून जावं लागतं, हे त्या मोजणीत नव्हतंच. पावसाळ्यात तर हा प्रश्न आणखी मोठा होतो. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना मारुती चौकात पाणी आल्यावर गावाचे तुकडे कसे पडतात हे सांगायला नको. या ऑगस्टमध्ये पाणी वाढू लागलं तेव्हा ॲपने गावभाग आणि सांगलीवाडीच्या ऑर्डरी बंद केल्या. ते योग्यच होतं, पण सूचना आली पैसे भरल्यानंतर. मावशीच्या शेजारणीचे पैसे परत मिळाले तेही ॲपच्या वॉलेटमध्ये, बँकेत नाही. बँकेत हवे असतील तर तक्रारीत तसं लिहावं लागतं. लिहिल्यावर चार दिवसांत जमा झाले.

सगळ्यात काळजीची गोष्ट ‘आजच डाउनलोड करा’ या ओळीतली. जाहिरातीत लिंक नव्हती. पंधरा दिवसांत तेच चित्र, पण ‘२०० रुपये सूट’ असं लिहिलेलं, सासूबाईंच्या फोनवर फिरत आलं आणि सोबत .apk ने संपणारी एक फाइल होती. त्यांनी ती उघडलीही. फोनने अनोळखी ॲपना परवानगी द्यायची का असं विचारलं, तेव्हा त्या थांबल्या आणि मला हाक मारली. ओळखायची खूण हीच. प्ले स्टोअरवरून ॲप घेताना हा प्रश्न कधीच येत नाही. आला, तर फाइल पुसून टाकायची.

मी सासूबाईंना शिकवलेली रीत साधी आहे. प्ले स्टोअर उघडायचं, ॲपचं नाव स्वतः टाइप करायचं आणि नावाखाली लिहिलेलं कंपनीचं नाव आपल्या बिलावरच्या नावाशी ताडून पाहायचं. मग Install दाबायचं. मोबाइल नंबर टाकला की ओटीपी येतो, तो फक्त ॲपमध्येच भरायचा. फोन करून कुणी मागितला तर द्यायचा नाही. ठिकाणाची परवानगी ‘ॲप वापरताना’ एवढीच द्यायची. किराणा ॲपने संपर्कयादी किंवा एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तर नाही म्हणायचं. आमचं ॲप त्याशिवाय व्यवस्थित चालतं.

दिवाळीच्या आधी हे सगळं मी ॲपच्या मालकांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, आता मिरजेत सुरू करतोय. ओळी तुम्हीच लिहून द्या.” मी दिल्या त्या अशा :

‘मिरजेत सेवा सुरू. पहिल्या ऑर्डरवर १०० रुपये सूट. साखर-तेल सोडून किमान ४९९ ची खरेदी हवी, एका मोबाइल नंबरला एकदाच. सध्या मिरज शहरातच. बेडग आणि मालगावला अजून नाही. पुराच्या काळात बंद भागांची यादी ॲपच्या पहिल्या पानावर दिसेल. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या, आम्ही व्हॉट्सॲपवर फाइल पाठवत नाही.’

त्यांनी यातला एकही शब्द बदलला नाही. फक्त शेवटी दुकानाचा फोन नंबर जोडला.