छोट्या किचनमध्ये डिशवॉशर: सिंकशेजारी, ड्राय बाल्कनीत की ओट्यावर?

गेल्या महिन्यात मामेबहिणीचा फोन आला, घेऊ का गं डिशवॉशर, आणि घेतला तर ठेवू कुठे? तिचं घर ठाण्यात, किचन ७ फूट बाय ८ फूट, एल आकाराचा ओटा, बाजूला ४ बाय ६ ची ड्राय बाल्कनी आणि तिथे वॉशिंग मशीन. दोन दिवस टेप घेऊन मोजमापं केली तेव्हा कळलं की आपण सगळे उलट्या क्रमाने जातो. आधी मशीन आवडतं, मग जागा शोधतो, मग प्लंबरला बोलावतो आणि शेवटी लाईटचा पॉइंट आठवतो. खरं तर आधी सांडपाणी कुठे जाणार ते बघायचं, मग पाणी कुठून येणार, मग लाईट, आणि मशीन सगळ्यात शेवटी. कारण पाणी आणि लाईट थोडी लांबून आणता येतात, ड्रेन मनाला येईल तिथे हलवता येत नाही.

तिच्याकडे तीन पर्याय होते. सिंकच्या शेजारची ट्रॉली काढून तिथे बसवायचं, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या बाजूला ठेवायचं, नाहीतर छोटं मशीन घेऊन ओट्यावर.

सिंकशेजारची जागा सगळ्यांना आधी सुचते आणि बरोबरच आहे, ड्रेन आणि पाणी दोन्ही हाताशी, भांडी खरकटं काढून थेट मशीनमध्ये. पण आपल्या ओट्यांची उंची आडवी येते. साधं डिशवॉशर साधारण ८५ सेंटीमीटर उंच असतं, ज्यांचं वरचं झाकण काढता येतं त्यांना झाकण काढल्यावर ८२ च्या आसपास लागतात (सगळ्यांचं निघत नाही, मॅन्युअलमध्ये बघायचं). तिचा ओटा ३४ इंचाचा. त्यातून ग्रॅनाइट आणि खालचा कडप्पा मिळून २ इंच गेले आणि ट्रॉलीखालचा टाइल लावलेला चौथरा ४ इंचाचा, म्हणजे राहिले २८ इंच, ७१ सेंटीमीटर. चौथरा फोडला तरी ३२ इंच, ८१ सेंटीमीटर. एका सेंटीमीटरसाठी अडलं! आणि ४५ सेंटीमीटर रुंदीचं बारीक मशीन घेतलं तरी उंची तेवढीच असते, फक्त रुंदी कमी, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नवीन मॉड्युलर किचनमध्ये ओटा ३६ इंचाचा असेल तर हाच हिशोब ८६ वर जातो आणि मशीन झाकणासकट बसतं. म्हणून टेप लावताना ओट्याची वरची उंची मोजून उपयोग नाही, जमिनीपासून कडप्प्याच्या खालच्या कडेपर्यंत मोजायचं, तेही दोन्ही टोकांना, कारण फरशीला उतार असतो.

अजून एक, जुन्या ओट्याला उभे कडप्पे आधाराला असतात. सिंकला लागून असलेला उभा कडप्पा मशीनला जागा हवी म्हणून काढू देऊ नका. सिंकसाठी कापलेल्या ग्रॅनाइटची तिथली पट्टी आधीच अरुंद असते, आधार गेला की तिथूनच तडा जातो. आणि समोर दुसरा ओटा असेल, मध्ये ३ फुटांचीच वाट असेल, तर उघडलेलं दार जवळजवळ २ फूट बाहेर येतं आणि तुम्हाला उभं राहायला १ फूट उरतो, हे आधी जमिनीवर पेपर पसरून बघा.

ओट्यावरचं छोटं मशीन भाड्याच्या घरासाठी चांगलं, तोडफोड नाही, जाताना घेऊन जाता येतं. पण ८ जणांच्या मापाचं म्हटलं तर ते साधारण ५५ रुंद, ५० खोल आणि ६० च्या जवळपास उंच. वरची कपाटं ओट्यापासून २ फुटांवर असतील तर ते जेमतेम शिरतं किंवा शिरतच नाही, आणि ८ फुटांच्या ओट्यातले पावणेदोन फूट गेले तर पोळ्या लाटायच्या कुठे? तिची मोठी कढई आणि ५ लिटरचा कुकर एकत्र बसले असते की नाही हीच शंका होती. सांडपाण्याची नळी सिंकमध्ये सोडायची सोय असते, पण सिंकला बूच लावून कुणी भांडी भिजत घातली आणि नळीचं तोंड त्यात बुडालं तर घाण पाणी मागे जाऊ शकतं. दोघंजणं असाल, रोजची ताटं-वाट्या-कप एवढंच असेल तर घ्या. चौघांच्या घराला मी नाही सांगणार.

मग राहिली ड्राय बाल्कनी. ४ फूट म्हणजे १२२ सेंटीमीटर. वॉशिंग मशीन ६० चं, त्याच्या शेजारी ६० चं डिशवॉशर म्हणजे १२०, कागदावर बसतं पण दोन्ही मशीन थरथरतात आणि नळ्यांना बाजूने जागा हवी, म्हणून नको. ४५ चं घेतलं तर १०५, १७ सेंटीमीटर मोकळे. लांबीत मशीन आणि मागच्या नळ्या मिळून साधारण ७० गेले, दार उघडल्यावर ६०, तरी ५० च्या वर जागा उरते. बारीक मशीनमध्ये ९-१० जणांची भांडी, चौघांना दिवसातून एकदा पुरतं. पावसाचं तेवढं बघायचं, जाळीतून झड आत येत असेल तर मशीनवर आणि पॉइंटवर पाणी येऊ नये म्हणून आधी तावदानं लावून घ्यायची.

आता ड्रेन, आणि इथे मी जरा थांबणार आहे कारण माझ्या घरी नेमकं हेच चुकलं होतं. मशीन बसवायला आलेल्या माणसाने नळी सरळ नहाणी ट्रॅपच्या जाळीत खुपसली आणि निघून गेला. पहिल्याच दिवशी मशीन पाणी घेत राहिलं, सोडत राहिलं, भांडी कोरडीच, आणि मग एरर देऊन बंद. कारण साधं आहे. नळीचं तोंड मशीनच्या तळापेक्षा खाली असलं की एकदा पंपाने पाणी ढकललं की नळी भरलेली राहते आणि पंप थांबला तरी पाणी आपोआप ओढलं जातं, पिंपातून नळीने पाणी काढतो तसं. मशीनला वाटतं पाणी आलंच नाही, ते परत घेतं. बरेच जण सांगतात नळी मागे उंच करून बांधा, झालं. तो उंचवटा सिंकचं पाणी मागे येऊ नये म्हणून चांगला, पण तोंड जमिनीवर ट्रॅपमध्येच असेल तर ओढ तशीच राहू शकते. तोंडच वर पाहिजे. बहुतेक मॅन्युअलमध्ये नळीचं तोंड जमिनीपासून साधारण ४० ते १०० सेंटीमीटरमध्ये ठेवायला सांगतात.

त्यावर उपाय स्वस्त आहे. ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप ट्रॅपपासून भिंतीला लावून उभा आणायचा, वरचं तोंड जमिनीपासून ५०-६० सेंटीमीटरवर, आणि मशीनची नळी त्यात वरून हुकासारखी १०-१५ सेंटीमीटर आत सोडायची. कडेने हवेला जागा राहिली पाहिजे, सिलिकॉन भरून बंद करू नका, ती हवाच ओढ तोडते. वॉशिंग मशीनचं पाणीही त्याच ट्रॅपमध्ये जात असेल तर दोन्ही एकदम सोडून बघा ट्रॅप तुंबतो का.

सिंकखाली जोडणार असाल तर बाजूला तोटी असलेला बॉटल ट्रॅप मिळतो, नळी त्यावर चढवून क्लिपने आवळायची, आणि त्याआधी सिंकच्या बुडाला लागेल एवढी उंच वळवून बांधायची. आणि ही एक गोष्ट प्लंबरला आवर्जून विचारा, नव्या तोटीचं तोंड आतून बऱ्याचदा प्लास्टिकच्या पडद्याने बंद असतं, ते कापलं का? नाही कापलं तर मशीन पाणी सोडूच शकत नाही आणि दोष मशीनवर जातो. जोडून झालं की सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि मशीन उघडून तळ बघा. थोडं स्वच्छ पाणी जाळीखाली नेहमीच असतं, पण चहाची पूड किंवा भाताची शितं दिसली तर सिंकचं पाणी मागे येतंय.

पाण्याचं त्यामानाने सोपं. मशीनच्या नळीचा नट पाऊण इंची, आपले अँगल कॉक अर्धा इंची, तर मध्ये अडॅप्टर किंवा वॉशिंग मशीनवाला नळ लागतो. बाल्कनीत एकच नळ असेल तर दुहेरी अँगल कॉक लावा, दोन्ही तोंडांना वेगवेगळी चावी असलेला. टेफ्लॉन टेप भिंतीकडच्या आट्यांना, मशीनच्या नळीकडे आतला रबरी वॉशरच पाणी धरतो, तिथे टेप गुंडाळून जोर लावला की वॉशर वाकडा होऊन उलट गळतं. बहिणीचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावरच, त्यामुळे प्रेशर कमी. अर्धा बार म्हणजे ५ मीटर उंचीचं पाणी, तेवढं बऱ्याच मशीनना लागतं, काहींना त्याहून कमी चालतं. आम्ही १० लिटरची बादली लावली, मिनिटाच्या आत भरली, म्हणून पुढे गेलो. दीड-दोन मिनिटं लागत असती तर कंपनीच्या माणसाशी आधी बोलले असते. आणि सोसायटी रात्री टाकीचा व्हॉल्व्ह बंद करत असेल तर रात्री मशीन लावायचा विचार सोडा, दोन-तीन तासांत ते टप्प्याटप्प्याने पाणी घेतं आणि मध्येच पाणी गेलं की अडकतं.

लाईटचं गणित: हीटर चालू असताना साधारण २००० वॅट, म्हणजे ९ अँपिअरच्या जवळ. गरम पाण्याचं वॉशिंग मशीनही तेवढंच. दोन्ही एकाच १६ अँपिअरच्या पॉइंटवर मल्टिप्लगने लावली तर १८ च्या आसपास जातं, एमसीबी कधीतरी उडेल आणि त्याआधी प्लग तापून काळा पडेल, हे मी एका शेजाऱ्यांकडे पाहिलंय. डिशवॉशरला बोर्डपासून वेगळी वायर, वेगळा एमसीबी, नीट अर्थिंग, आणि घराला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारं स्विच, नसेल तर ते आधी. ओट्यावरचा मिक्सरचा ६ अँपिअर सॉकेट कन्व्हर्टर लावून वापरू नका, छोट्या मशीनसाठीसुद्धा नाही. पॉइंट मशीनच्या बरोबर मागे घ्यायचा नाही, एक तर प्लगमुळे मशीन भिंतीपासून पुढे येतं आणि गळती झाली तर प्लग काढायला आधी मशीन ओढावं लागतं. बाजूला, नळापासून लांब आणि नळाच्या वरच्या उंचीला. वायर साधारण दीड मीटरचीच येते, तेव्हा अंतर मोजून ठेवा.

शेवटी बहिणीने बाल्कनीत ४५ चं घेतलं. ओटा ३६ इंचाचा असता तर मी तिला सिंकशेजारीच सांगितलं असतं, चौथऱ्याची तोडफोड नको म्हणून बाल्कनी जिंकली असं नाही, एका सेंटीमीटरने जिंकली. पहिली फेरी रिकामी लावली, टॉर्च घेऊन दोघी खाली बसलो, नळाच्या नटाखाली आणि उभ्या पाइपच्या सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवले. नटाखालचा भिजला. नळी काढून वॉशर सरळ बसवला, परत लावलं, दुसऱ्या फेरीला दोन्ही कोरडे.