कोकम आगळीच्या दुकानासाठी एसईओ की गूगल अ‍ॅड्स? काही महिने दोन्ही वापरल्यावर

डिजिटल मार्केटिंगच्या कोर्सला असाइनमेंट होती: एका छोट्या ऑनलाइन दुकानासाठी एसईओ, म्हणजे पैसे न देता गूगलच्या शोधात वर येणं, आणि पेड सर्च, म्हणजे शोधात दिसणाऱ्या जाहिराती, यांची तुलना करा. बहुतेकांनी काल्पनिक दुकान घेतलं. मी मावशीचं घेतलं. ती सावंतवाडीहून कोकम आगळ, आमसुलं, कुळीथ पीठ स्वतःच्या वेबसाइटवरून विकते. असाइनमेंट देऊन झाली, पण दोन्ही कामं अजून चालू आहेत, म्हणून हा अनुभव.

आधी अ‍ॅड्स. जाहिरात सुरू केली त्याच दिवशी लोक साइटवर यायला लागले, हा तिचा खरा गुण. पण फायदा होतोय का, हे क्लिक मोजून कळत नाही. एक लिटर आगळीच्या बाटलीवर बाटली, पॅकिंग, कुरिअर वजा जाता मावशीला साधारण ११० रुपये सुटतात. एका क्लिकला सरासरी ७ रुपये पडत होते. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ८ रुपये २६ पैसे. (जीएसटी नोंदणी नसेल तर हा कर परत मिळत नाही, तो खर्चातच धरायचा.) शंभर क्लिकमागे दोन ऑर्डर येत होत्या, म्हणजे एका ऑर्डरसाठी ४१३ रुपये जाहिरातीला. प्रत्येक बाटलीमागे तीनशे रुपये खिशातून!

हा हिशोब जाहिरात देण्याआधीच करता येतो. एका ऑर्डरमागचा नफा गुणिले शंभरातल्या ऑर्डरींचं प्रमाण, एवढाच क्लिक परवडतो. ११० रुपये आणि दोन टक्के म्हणजे २ रुपये २० पैसे. मग आम्ही जाहिरातीतून सुटी बाटली काढली आणि दोन बाटल्या, आमसुलं, कुळीथ पीठ असा एकत्र बॉक्स ठेवला. त्यात साधारण ४८० रुपये सुटतात, म्हणजे ९ रुपये ६० पैशांपर्यंतचा क्लिक चालतो. तेव्हा कुठे जाहिरात स्वतःचा खर्च काढू लागली, तीही जेमतेम.

दुसरी गळती सर्च टर्म्स रिपोर्टमध्ये सापडली. आपण दिलेला कीवर्ड वेगळा आणि माणसाने प्रत्यक्ष टाइप केलेलं वेगळं. ब्रॉड मॅचवर, म्हणजे संबंधित शोधांवरही जाहिरात दिसेल असं, kokum ठेवलं होतं, तर `kokum butter for skin`, `kokum tree`, `kokum benefits` अशा शोधांवरही पैसे जात होते. त्वचेसाठी कोकम बटर शोधणारा माणूस आगळ घेणार नाही. butter, tree, benefits हे निगेटिव्ह कीवर्ड टाकले, म्हणजे हे शब्द असलेल्या शोधांवर जाहिरात दिसत नाही, आणि मॅच फ्रेजवर आणला, म्हणजे आपल्या कीवर्डचा अर्थ असलेल्या शोधांपुरता. हा रिपोर्ट दर आठवड्याला बघाच. कॅम्पेन सेटिंगमध्ये डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर वेबसाइटवर जाहिरात दाखवण्याची, खूणही तपासा, सर्च कॅम्पेनला ती नको.

आता एसईओ. इथे पहिले काही आठवडे काहीच हललं नाही आणि मावशीचा धीर सुटत आला होता. उत्पादनाच्या पानाचं टायटल नुसतं 'आगळ' असं होतं. ते `Kokum Agal (कोकम आगळ) 1 लिटर, बिनसाखरेची` असं केलं, कारण लोक रोमन लिपीतही शोधतात. खाली आगळ कशी बनते, मीठ किती, सरबतासारखी गोड का नसते, सोलकढीला किती घालायची, हे मावशीच्याच शब्दांत लिहिलं. सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात साइट शोधात कुठे दिसते ते कळतं; तिथे त्या पानाचं सरासरी स्थान शोधनिकालांच्या दुसऱ्या पानावरून हळूहळू पहिल्या पानाच्या खालच्या भागात आलं.

सोलकढीच्या रेसिपीचं पानही केलं. त्यावर वाचक बऱ्यापैकी आले, ऑर्डर जवळजवळ नाहीत. रेसिपी शोधणाऱ्याच्या घरी आमसुलं असतातच! उलट 'आगळ आणि कोकम सरबत यात फरक काय' या छोट्या पानावरून कमी लोक आले, पण त्यातले काही विकत घेऊन गेले. ते पान सुचलं जाहिरातीच्या सर्च टर्म्समधूनच. `kokum agal without sugar` शोधणारे वारंवार ऑर्डर करताना दिसत होते. माझ्या मते अ‍ॅड्सचा छोट्या दुकानाला सर्वांत मोठा उपयोग हाच: कोणत्या शब्दांवर गिऱ्हाईक पैसे देतं हे थोड्या खर्चात कळतं आणि एसईओची मेहनत तिथेच घालता येते.

तुलना करताना एक काळजी घ्यावीच लागते. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ्यामुळे आगळीला मागणी आपोआप वाढते. तेव्हा क्लिक दुप्पट झाले तरी ते श्रेय एसईओचं नसू शकतं. त्यासाठी सर्च कन्सोलमध्ये त्याच शोधाचं सरासरी स्थान बघायचं. स्थान तेच असेल आणि इम्प्रेशन्स, म्हणजे शोधात आपलं पान किती वेळा दिसलं तो आकडा, वाढली असतील, तर तो हंगाम. स्थानच सुधारलं असेल, तर ते आपलं काम. सर्च कन्सोल १६ महिन्यांचा डेटा ठेवतं, त्यामुळे मागच्या उन्हाळ्याशीही ताडून बघता येतं.

सध्या जाहिरात फक्त बॉक्सवर, मार्च ते मे चालवायची आणि पावसाळ्यात बंद ठेवायची, असं ठरलंय. बंद केल्या दिवशी तिकडून येणारी माणसं थांबतात, टायटल आणि पानं मात्र तशीच काम करत राहतात. पुढचं पान कुळीथ पिठाचं. पिठी कशी करायची ते मावशी सांगतेय, मी लिहून घेतेय.