एका लॉटचा अर्ज केला, आठ लॉट 'लागले'

हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगमध्ये कॉम्प्युटरवर काट्याच्या पावत्या काढायचं काम मला लागलं. पगार साडेसोळा हजार, आयुष्यातली पहिली नोकरी. दिवाळीनंतर कोणीतरी मला शेअरच्या टिप्स देणाऱ्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये टाकलं. तिथले 'सर' रोज सकाळी दोन शेअर सांगायचे आणि संध्याकाळी लोक नफ्याचे स्क्रीनशॉट टाकायचे. सगळं बुडाल्यावर मी तो ग्रुप उलटा वाचत गेलो, तेव्हा जागोजागी 'अ‍ॅडमिनने मेसेज डिलीट केला' असं दिसलं. चुकलेल्या टिप्स पुसून टाकल्या होत्या, म्हणून सर कधी चुकतच नव्हते.

त्यांनी लिंक पाठवली, तिच्यावरून अ‍ॅप टाकलं. आधारचा ओटीपी नाही, सही नाही, दोन मिनिटांत शेअर ठेवायचं 'डिमॅट' खातं तयार. तेव्हा मला ते सोयीचं वाटलं! 5,000 भरले, आठवड्यात अ‍ॅपवर 5,900 दिसायला लागले. 1,500 काढून पाहिले तर खरंच बँकेत आले. त्या दीड हजारानंच माझा घात केला. मग आणखी 20,000 टाकले.

आता आयपीओचं, म्हणजे कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकते त्याचं ऐका. सर म्हणाले, एका लॉटचा अर्ज कर. लॉट म्हणजे शेअरचा ठरलेला गठ्ठा, एक लॉट 14,800 चा. तीन दिवसांनी मेसेज आला: अभिनंदन, तुम्हाला आठ लॉट लागले, म्हणजे 1,18,400 रुपये. अ‍ॅपवर माझे 26,400 दिसत होते. उरलेले 92,000 दोन दिवसांत भरा, नाहीतर खातं गोठेल. तीस हजार माझे होते. बासष्ट हजार बाबांच्या कापसाच्या चुकाऱ्यातले घेतले. बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "पक्कं हाय ना?"

आयपीओत मागितल्यापेक्षा जास्त शेअर कधीच लागत नाहीत. मागणी खूप असली तर छोट्या गुंतवणूकदारांत सोडत निघते, त्यात एक लॉट लागतो किंवा काहीच नाही. खऱ्या अर्जात पैसे कोणाला पाठवायचेही नसतात. आपल्या यूपीआय अ‍ॅपवर मंजुरीची विनंती येते. ती दिली की तेवढी रक्कम आपल्याच खात्यात अडकून राहते. शेअर लागले तरच ती कापली जाते, नाहीतर मोकळी होते. त्यामुळे 'लागले, आता उरलेले भरा' ही वेळच येत नाही. मला हे माहीत असतं, तर बाबांचा चुकारा घरीच राहिला असता.

माझे पैसे तीन वेळा तीन वेगळ्या खात्यांत गेले. एक कुठल्या तरी 'ट्रेडर्स'चं, एक एका बाईच्या नावाचं, एक 'एंटरप्रायझेस'चं. नोंदणीकृत ब्रोकर असा दर वेळी खातं बदलून पैसे घेत नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं नोंदणीकृत ब्रोकरसाठी वेगळा यूपीआय आयडी आणला आहे. त्यात `.brk@valid` आणि पुढे बँकेचं नाव असतं. आयडी खरा की खोटा, ते 'सेबी चेक'वर पाहता येतं.

अ‍ॅपवर रक्कम दुप्पट दिसायला लागली तेव्हा मी पैसे काढायला गेलो. उत्तर आलं: नफ्यावर 20 टक्के कर, 23,600 आधी भरा. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर कर खरंच 20 टक्के आहे, म्हणून मला शंका आली नाही. पण तो आपण आयकर खात्याला भरायचा असतो, पैसे सोडवायला ब्रोकरला नाही.

हे 23,600 मामेभावाकडे उसने मागितले. तो पतसंस्थेत आहे. त्यानं फोन हातात घेतला अन् म्हणाला, "शेअर कुठी हायेत बे? सीडीएसएल नाहीतर एनएसडीएलचा मेसेज दाखव." मी मेसेज शोधत राहिलो. शेअर डिमॅटमध्ये खरंच असले तर त्यांची नोंद या दोन संस्थांपैकी एकीकडे असते, मोबाईलवर अन् ईमेलवर तिच्याकडून थेट सूचना येते. ब्रोकरचं अ‍ॅप ही फक्त खिडकी. माझ्याकडे नुसती खिडकीच होती, तीही रंगवलेली.

त्याच वेळी 1930 ला फोन लावला, `cybercrime.gov.in` वर तक्रार टाकली. शेवटचे पैसे देऊन पाच दिवस झाले होते, तोवर रक्कम पुढे पांगली होती. एका खात्यात 9,000 रोखले गेले, ते अजून मिळालेले नाहीत. एकूण 1,15,500 गेले. पहिल्याच तासात फोन लावला असता तर आणखी काही अडलं असतं.

मागच्या आठवड्यात एक फोन आला. समोरच्याला माझी रक्कमही माहीत होती. "तुमचे पैसे परत काढून देतो, फक्त 3,500 फी." तक्रारीला फी नसते हे मला आता ठाऊक आहे. तरी खरं सांगतो, फोन ठेवायला मला दोन मिनिटं लागली.